रॉम्बसचे कर्ण लंब, व्हेक्टरनं: शेवटी शून्य येतं तरी प्रूफ चुकतं, ते का

व्हेक्टरचा चॅप्टर सुरू होऊन दोनेक आठवडे झाले की दरवर्षी न चुकता एक गाऱ्हाणं येतं, "सर, शेवटी शून्य आलंय, मग मार्क का कापले?" वही उघडून बघितली की खरंच शेवटच्या ओळीत शून्य असतं, खाली दोन रेघा मारलेल्या असतात, 'हेच सिद्ध करायचे होते' पण लिहिलेलं असतं, आणि तरीही मधल्या एका ओळीत असं काहीतरी असतं की सगळं प्रूफच कोसळतं. आणि गंमत म्हणजे चुका फार वेगवेगळ्या नसतात, तीनचारच आहेत, त्याच फिरून फिरून येतात, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो.

आधी बरोबर प्रूफ समोर ठेवू म्हणजे कुठल्या ओळीबद्दल बोलतोय ते कळेल. बोर्डाच्या पुस्तकात व्हेक्टरच्या डोक्यावर आडवी रेघ असते, इथे टाइप करताना ती येत नाही म्हणून साधं a, b लिहितोय, पण हे व्हेक्टर आहेत हे लक्षात असू द्या, कारण पुढची अर्धी भानगड तिथेच आहे. □ABCD हा समभुज चौकोन. A पासून निघणाऱ्या दोन बाजू घेतल्या.

ओळ 1: AB = a, AD = b
ओळ 2: AC = AB + BC = a + b
ओळ 3: BD = AD − AB = b − a
ओळ 4: AC · BD = (a + b) · (b − a) = a·b − a·a + b·b − b·a
ओळ 5: a·b = b·a, म्हणून AC · BD = |b|² − |a|²
ओळ 6: |a| = |b|, म्हणून AC · BD = 0
ओळ 7: AC आणि BD दोन्ही शून्य व्हेक्टर नाहीत, म्हणून AC ⊥ BD

ओळ 2 मध्ये BC च्या जागी b टाकलाय तो का चालतो, तर समोरासमोरच्या बाजू समांतर आणि सारख्या, म्हणून BC = AD, व्हेक्टर म्हणून सुद्धा. बाकी सगळं सरळ आहे.

आता चूक शोधायची कशी. मी पोरांना एक साधी गोष्ट करायला लावतो, दोन आकृत्या कायम हाताशी ठेवायच्या, एक बरोबर आणि एक मुद्दाम चुकीची. बरोबर आकृती म्हणजे a = (4, 3) आणि b = (5, 0). दोन्हीची लांबी 5, पहिल्याची 16 + 9 = 25 च्या वर्गमुळावरून, दुसऱ्याची सरळच. A ला (0,0) वर बसवलं तर B (4,3), D (5,0) आणि C (9,3), ग्राफ पेपरवर काढून बघा, छान तिरका रॉम्बस येतो, चौरस अजिबात दिसत नाही. चुकीची आकृती म्हणजे a तोच (4, 3) पण b = (6, 0). हा समांतरभुज चौकोन आहे पण रॉम्बस नाही, एक बाजू 5 आणि दुसरी 6.

नियम असा की तुमच्या प्रूफची प्रत्येक ओळ पहिल्या आकृतीत खरी ठरली पाहिजे, एकही ओळ खोटी ठरली तर ती ओळ चूक, शेवटी शून्य आलं की नाही ह्याच्याशी त्याचा संबंध नाही. आणि दुसऱ्या आकृतीत प्रूफ कुठेतरी अडलंच पाहिजे, ते सुद्धा बरोब्बर ओळ 6 वर, कारण रॉम्बस आणि साधा समांतरभुज चौकोन ह्यातला फरक फक्त तिथे वापरलाय. चुकीच्या आकृतीवर पण तुमचं प्रूफ खटाखट शून्य देत असेल तर तुम्ही कर्ण लंब आहेत हे सिद्ध केलेलंच नाही, कारण त्या आकृतीचे कर्ण लंब नाहीतच.

करून बघू. बरोबर आकृतीत AC = (9, 3), BD = (1, −3), डॉट प्रॉडक्ट 9 − 9 = 0. ओळ 4 च्या चार टर्म वेगवेगळ्या काढल्या तर 20 − 25 + 25 − 20. चुकीच्या आकृतीत AC = (10, 3), BD = (2, −3), डॉट प्रॉडक्ट 20 − 9 = 11, आणि चार टर्म 24 − 25 + 36 − 24, म्हणजे 11 च. हा 11 आला कुठून तर 36 − 25, म्हणजे |b|² − |a|², ओळ 5 इथेही खरी आहे, ओळ 6 नाही. प्रूफ जिथे अडायला पाहिजे तिथेच अडलं.

आता वहीतल्या चुका.

सगळ्यात जास्त येणारी चूक ओळ 6 वरचीच आहे. पोरं लिहितात "AB = AD (समभुज चौकोनाच्या बाजू), म्हणून a = b, म्हणून AC · BD = 0". ऐकायला बरोबर वाटतं कारण नववीत आपण 'बाजू AB = बाजू AD' असंच तर लिहायचो. पण तेव्हा AB म्हणजे लांबी होती, एक आकडा होता, आता AB म्हणजे व्हेक्टर आहे, त्याला दिशा पण आहे. a = b म्हणजे दोघांची दिशा सुद्धा एकच, म्हणजे B आणि D एकाच ठिकाणी जाऊन बसले, चौकोन मिटून एक काडी झाली. बरोबर आकृती लावून बघा, (4, 3) = (5, 0) असं कोणी लिहील का? आणि ह्याचा खरा घोटाळा पुढे आहे, a = b मानलं की BD = b − a हा शून्य व्हेक्टरच होतो, आणि शून्य व्हेक्टरचा कशाशीही डॉट प्रॉडक्ट शून्यच येणार, म्हणजे तुमच्या शून्याला काही किंमतच राहिली नाही. तपासणारा तिथेच लाल पेन टेकवतो आणि माझ्या मते बरोबरच करतो.

उपाय एवढाच की मॉड्युलसच्या उभ्या रेघा कंटाळा न करता लिहायच्या, |a| = |b|. काही जण ओळ 5 ला b² − a² लिहितात, a² म्हणजे a·a असा अर्थ घेऊन, ते तसं चालतं, काही पुस्तकांत पण असतं. पण मी बघितलंय की जो a² लिहितो तोच पुढच्या ओळीला a = b लिहितो, कारण मॉडच्या रेघा दिसत नाहीत म्हणून डोक्यातून लांबी निघून जाते. तेव्हा निदान शिकत असताना |a|² च लिहा, दोन रेघांचा खर्च आहे.

दुसरी चूक मला जास्त इंटरेस्टिंग वाटते कारण ती कुठून येते हे मला स्वतःला कळायला वेळ लागला. पोरं ओळ 4 बरोबर लिहितात, चार टर्म, आणि मग कडेच्या दोन टर्मवर काट मारून बाजूला लिहितात "a·b = 0 कारण लंब". आता a आणि b ह्या बाजू आहेत, लगतच्या बाजू लंब असतील तर तो चौरस झाला, रॉम्बसबद्दल काही सिद्धच झालं नाही. आपल्या आकृतीत a·b = 20 आहे, शून्याच्या जवळपास सुद्धा नाही. त्या टर्म जातात त्या एक अधिक आणि एक उणे आहे म्हणून, 20 आणि −20, त्या शून्य आहेत म्हणून नव्हे.

आधी मला वाटायचं की आकृती चौरसासारखी काढतात म्हणून असं होतं. ते आहेच, कच्ची आकृती काढताना हात आपोआप चौरस एका टोकावर उभा करून काढतो, पत्त्यांमधल्या चौकटसारखा, आणि मग कोन 90 चा दिसतोच. पण एकदा एका मुलीला विचारलं की हे a·b = 0 तू आणलंस कुठून, तर म्हणाली, "सर, दुसऱ्या पद्धतीत तेच तर येतं ना." आणि खरंच येतं! तिनं दोन पद्धती एकात एक कालवल्या होत्या.

दुसरी पद्धत अशी की ओरिजिन A वर न ठेवता कर्णांच्या छेदनबिंदूवर, O वर ठेवायचा. समांतरभुज चौकोनाचे कर्ण एकमेकांना दुभागतात, म्हणून OC = p घेतलं तर OA = −p, आणि OB = q घेतलं तर OD = −q. मग AB = q + p आणि AD = p − q. बाजू सारख्या म्हणून

|p + q|² = |p − q|²
|p|² + 2 p·q + |q|² = |p|² − 2 p·q + |q|²
4 p·q = 0

म्हणजे p·q = 0, आणि p, q हे कर्णांचे अर्धे तुकडे आहेत, झालं काम. इथे शून्य होणारा डॉट प्रॉडक्ट खरोखर दोन अक्षरांचा आहे. आता ह्या पद्धतीत पण कोणी अक्षरं a आणि b च घेतली, आणि बरेच जण घेतात, की एका पानावर a·b = 0 हे उत्तर असतं आणि दुसऱ्या पानावर a·b म्हणजे बाजूंमधल्या कोनाचा हिशोब असतो. पाठ करणारा मग दोन्ही पानं एकत्र करतो. म्हणून मी आता क्लासमध्ये कोपऱ्यावरून प्रूफ करताना a, b आणि मध्यावरून करताना p, q अशी अक्षरंच बदलली, तेव्हापासून ही चूक बरीच कमी झाली आहे. आपल्या आकृतीत p = (4.5, 1.5) आणि q = (−0.5, 1.5), डॉट प्रॉडक्ट −2.25 + 2.25, शून्य. चुकीच्या आकृतीत p = (5, 1.5), q = (−1, 1.5), डॉट −5 + 2.25 = −2.75, आणि त्याची चौपट −11, बघा तोच 11 परत आला, फक्त साइन बदलून.

परीक्षेत कुठली लिहायची असं विचारलं तर मी म्हणेन कोपऱ्यावरची. मध्यावरच्या पद्धतीत कर्ण दुभागतात हे आधी गृहीत धरावं लागतं, ते खरं आहे पण एखादा तपासणारा विचारू शकतो की हे कुठून आणलं, मग एक ओळ जास्त लिहा.

तिसरी चूक उलट प्रकारची, म्हणजे शून्य येतच नाही. पोरगं घामाघूम होतं, मग पेपरची वेळ संपत आली की कुठेतरी एक साइन गुपचूप बदलून शून्य आणतं, आणि नेमकं ते तपासणाऱ्याला दिसतं. हे होतं दिशेमुळे. काहींना सवय असते की A पासून सुरू करून चौकोनाला गोल फिरायचं, AB = a, BC = b, इथपर्यंत ठीक, मग "CD पण AB एवढीच म्हणून CD = a". इथे फसतं. A कडून B कडे जाताना उजवीकडे गेलात तर C कडून D कडे येताना डावीकडे येता, म्हणजे CD = −a. DC लिहिलं असतं तर a चाललं असतं. आता CD = a धरून BD काढा, BC + CD = b + a, म्हणजे दोन्ही कर्ण एकच निघाले! डॉट प्रॉडक्ट येतो (9, 3)·(9, 3) = 90.

तुमच्या कच्च्या कामात शून्याऐवजी |a|² + 2 a·b + |b|² असं काहीतरी अधिकच-अधिक दिसत असेल तर समजा हीच चूक आहे, तुम्ही एका कर्णाचा स्वतःशीच डॉट घेतलाय. लगेच साइन ओढाताण करू नका, BD च्या ओळीवर परत जा. मी स्वतः BD नेहमी 'शेवट वजा सुरुवात' असंच काढतो, D चा पोझिशन व्हेक्टर वजा B चा, A ओरिजिन असला की ते सरळ b − a. कोणी a − b लिहिलं तरी बिघडत नाही, तो DB झाला, शेवटी |a|² − |b|² येईल, लंब असण्याला दिशेनं काही फरक पडत नाही. फक्त एकदा b − a आणि खाली a − b असं नको.

ह्याच्याच जवळची एक चूक, काही जण डॉटच्या जागी क्रॉस घेतात. (a + b) × (b − a) सोडवलं तर a×a आणि b×b आपोआप शून्य होतात आणि कडेच्या दोन टर्म कॅन्सल होण्याऐवजी एकमेकींत मिळतात, उत्तर 2(a × b). डॉटमध्ये मधल्या टर्म राहतात आणि कडेच्या जातात, क्रॉसमध्ये बरोबर उलटं. ते फुकट जात नाही म्हणा, त्याची लांबी म्हणजे चौकोनाच्या क्षेत्रफळाची दुप्पट, आपल्या आकृतीत 30, आणि क्षेत्रफळ 15 (पाया 5, उंची 3, बरोबर). पण लंब आहे की नाही ह्याबद्दल ते काही सांगत नाही.

ओळ 7 बहुतेक जण लिहीतच नाहीत. डॉट प्रॉडक्ट शून्य म्हणजे लंब, हे दोन्ही व्हेक्टर शून्य नसतील तरच. रॉम्बसमध्ये A, B, D एका रेषेत नसतात म्हणून a आणि b एकमेकांच्या पटीत नाहीत, म्हणून a + b पण शून्य नाही आणि b − a पण नाही. एक ओळ लागते. ती नसली तर मार्क जाईलच असं नाही, पण पहिल्या चुकीत काय झालं होतं ते आठवा, सगळा घोटाळा ह्या न लिहिलेल्या ओळीतच लपला होता. ज्यानं ही ओळ मनापासून लिहिली असती त्याला BD शून्य होतोय हे तिथेच दिसलं असतं.

आता एक बाजूची गोष्ट. गाडीचा तो चार दांड्यांचा स्क्रू फिरवून वर चढणारा जॅक बघितलाय ना, पंक्चर काढताना लावतात तो. चार सारख्या दांड्या, म्हणजे रॉम्बसच, आडवा स्क्रू हा एक कर्ण आणि खालून वर जाणारा, गाडी उचलणारा दुसरा. स्क्रू फिरवत जाल तसा दांड्यांमधला कोन सतत बदलतो, जॅक चपटा असतो तेव्हा वेगळा, गाडी उचललेली असते तेव्हा वेगळा, म्हणजे a·b चा आकडा सतत बदलत असतो. दांड्यांची लांबी मात्र तीच. ओळ 4 मध्ये a·b दोनदा येतो आणि ओळ 5 ला तो गायब होतो, राहतात फक्त लांब्या, म्हणून कोन काही का असेना कर्ण लंबच राहतात आणि गाडी सरळ वर जाते. 'a·b = 0' लिहिणाऱ्या मुलांना मी हाच जॅक सांगतो, की बाबा तू लिहिलेलं खरं असतं तर तुझा जॅक फक्त एकाच उंचीवर चालला असता, जिथे तो चौरस होतो तिथे.

एक प्रश्न अजून राहिला, आणि तो पोरांनीच विचारलेला. ओळ 2 मध्ये BC = AD घेतलं, समांतर म्हणून. पण रॉम्बसची व्याख्या तर 'चारही बाजू सारख्या' एवढीच आहे, मग समांतर असणं लागतंच का?

कागदाचा एक रॉम्बस कापा, BD वर घडी घाला आणि पूर्ण न मिटवता C चं टोक हवेत धरा. चारही बाजू अजून सारख्याच आहेत, कागद काही ताणला गेला नाही. पण आता BC आणि AD समांतर नाहीत, आकृती सपाट राहिली नाही, वरचं प्रूफ ओळ 2 वरच बंद पडतं. तरीही A पासून C पर्यंत हवेतून दोरा धरला तर तो BD च्या दिशेला लंबच असतो, छेदत नसला तरी. म्हणजे ओळ 2 आपल्या प्रूफला लागते, प्रमेयाला नाही. हे मला पहिल्यांदा सुचलं तेव्हा खरं सांगतो घडी घातलेला कागद आणि गुण्या घेऊन बसलो होतो, गुण्यानं काही ते नीट मोजता येत नाही.

मग समांतर न वापरता करू. AB = a, AD = b तेच, आणि AC = c घ्या, c म्हणजे a + b असं म्हणायचंच नाही. BC = c − a आणि DC = c − b. बाजू सारख्या म्हणून

|c − a|² = |c − b|²
|c|² − 2 c·a + |a|² = |c|² − 2 c·b + |b|²

|c|² दोन्हीकडून गेलं, |a| = |b| म्हणून ते पण गेलं, उरलं c·a = c·b, म्हणजे c·(b − a) = 0, म्हणजे AC · BD = 0. संपलं. हे सपाट रॉम्बसला चालतं, घडी घातलेल्याला चालतं, आणि नीट बघितलंत तर चारही बाजू सारख्या असण्याची पण गरज पडली नाही, AB = AD आणि BC = DC एवढंच वापरलं. म्हणजे पतंग चौकोनाला पण लागू, ज्याच्या वरच्या दोन बाजू छोट्या आणि खालच्या दोन मोठ्या असतात. म्हणूनच उलट बोलायला जाऊ नका, 'कर्ण लंब आहेत म्हणून रॉम्बस' हे चूक, पतंगाचे कर्ण पण लंब असतात. उलट बोलायचंच असेल तर आधी तो समांतरभुज आहे हे माहीत पाहिजे, मग ओळ 5 उलटी वाचता येते, |b|² − |a|² शून्य म्हणजे |a| = |b|.

आणि हे नवीन प्रूफ पण दोन्ही आकृत्यांवर तपासून घ्या, मी सांगितलं म्हणून मानू नका. बरोबर आकृतीत c = (9, 3), c·a = 36 + 9 = 45 आणि c·b = 45. म्हणजे कर्ण AC वर दोन्ही बाजूंची सावली एवढीच पडते, म्हणूनच B आणि D कर्णाच्या एकमेकांसमोर येतात, पुढेमागे नाही. चुकीच्या आकृतीत c = (10, 3), c·a = 49 आणि c·b = 60, फरक परत 11.